१६० च्या जागी ११३: धातू कापण्याआधी एकक आणि स्केल का तपासायचं

नवी तुकडी आली की दोन-तीन पालकांचे फोन येतातच. "सर, आठवडा झाला, पोराला मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं मोजायला लावताय." पोरंही एकमेकांत तेच बोलत असतात. म्हणून पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी जे सांगतो ते इथे लिहून काढलं आहे. बोललो तसंच ठेवलं आहे.

पोरांनो, पोरींनो, जवळ या. टेबलावर एक प्लेट ठेवली आहे ती हातात घ्या, एकमेकांकडे द्या. लांबी २०० मिमी, रुंदी १५०, जाडी १०. चार भोकं आहेत. कडा फाईल केलेल्या आहेत, गुण्या लावलात तर कुठे उजेड दिसणार नाही. भोकांच्या कडेला बर, म्हणजे धातूची बोचरी कोर, राहिलेली नाही. काम स्वच्छ आहे, आणि तरीही ही प्लेट भंगार आहे. अशा बारा होत्या, त्यातली ही एक मी ठेवून घेतली. बाराच्या बारा मी केल्या होत्या, तुमच्या वयाचा असताना, भोसरीतल्या एका कारखान्यात.

हात माझे चुकले नाहीत, ड्रिलही हललं नाही. चूक ड्रिल सुरू करायच्या आधी कागदावर झाली होती. ती कशी झाली ते आज नीट उलगडून बघू.

आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

बाजारात गेलात आणि भाजीवाला नुसता "चाळीस" म्हणाला, तर तुम्ही विचारता, किलोला की पावाला? तिथे आपण विचारायला चुकत नाही, कारण पैसे आपल्या खिशातून जाणार असतात. ड्रॉइंगवर २५ लिहिलेलं दिसलं की मात्र तोच प्रश्न विसरतो. २५ म्हणजे २५ काय? मिलिमीटर, सेंटिमीटर, की इंच? आकड्याच्या मागे जे माप उभं असतं त्याला एकक म्हणायचं, इंग्रजीत युनिट.

ड्रॉइंगच्या उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, त्याला टायटल ब्लॉक म्हणतात. पार्टचं नाव, मटेरियल, एकक, प्रमाण, वजन, ड्रॉइंगची आवृत्ती हे सगळं तिथे असतं. नवा माणूस आधी चित्र बघतो. तुम्ही आधी तो कोपरा बघायचा. आपल्याकडच्या ड्रॉइंगवर बहुतेक वेळा 'सर्व मापे मिमीमध्ये' अशा अर्थाची ओळ एकदाच लिहिलेली असते आणि चित्रावर प्रत्येक ठिकाणी नुसते आकडे असतात. ती ओळ वाचली नसेल, तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

कोपरा फाटलेला असेल किंवा झेरॉक्समध्ये कापला गेला असेल तर? आकड्यांच्या लिहिण्यातूनही थोडा अंदाज येतो. अमेरिकी पद्धतीच्या इंची ड्रॉइंगवर एकपेक्षा लहान मापात टिंबाच्या आधी शून्य लिहीत नाहीत. अर्धा इंच तिथे `.500` असा दिसतो. मिमीच्या ड्रॉइंगवर अर्धा मिलिमीटर `0.5` असा शून्यासकट असतो. तेव्हा टिंबाने सुरू होणारे तीन आकडे दिसले, की तिथेच थांबून चौकशी करायची. पण हा अंदाज झाला. तो थांबण्यासाठी वापरा. कापायचं ते चौकशी झाल्यावरच.

'स्केल' म्हणजे पट्टी की प्रमाण?

आपल्या वर्कशॉपमध्ये 'स्केल' या एकाच शब्दाचे दोन अर्थ चालतात. "स्केल दे" म्हटलं की आपण स्टीलची पट्टी देतो. ड्रॉइंगवर मात्र 'स्केल १:२' लिहिलेलं असतं, तिथे स्केल म्हणजे प्रमाण. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा होता ना, त्यात मुंबई आणि पुण्याच्या मध्ये बोटभर अंतर होतं. तोच हा हिशोब. १:२ म्हणजे कागदावर एक असेल तर खऱ्या पार्टमध्ये दोन, चित्र निम्म्याने लहान. २:१ म्हणजे उलटं, चित्र दुप्पट मोठं आणि पार्ट लहान. छोट्या पिना आणि बुश बऱ्याचदा मोठे करून काढलेले असतात, त्यामुळे चित्र बघून मनात आकार धरू नका.

आता माझ्या बारा प्लेटी. ड्रॉइंग ए-थ्री कागदावर काढलेलं होतं, प्रमाण १:२. त्यावर २०० लिहिलं होतं, १५० लिहिलं होतं, भोकाचा व्यास लिहिला होता. लांबीच्या दिशेने दोन भोकांमधलं अंतर लिहिलं होतं तिथे कुणाचा तरी तेलाचा अंगठा उमटला होता. आकडा वाचता येत नव्हता. विचारायला जाण्याऐवजी मी पट्टी घेतली आणि कागदावर मोजलं. साडेछप्पन्नच्या किंचित पुढे भरलं. प्रमाण १:२ आहे, म्हणून दुप्पट केलं आणि ११३ धरलं. गणित बरोबर होतं. त्या गणितावर मी बारा प्लेटींवर सेंटर पंच मारले आणि भोकं पाडली.

खरं माप होतं १६०. ह्या प्लेटींवर मोटरी बसायच्या होत्या. मोटरच्या पायाची भोकं १६० वर आणि माझी ११३ वर. एकही बोल्ट बसला नाही.

गफलत कुठे होती ते बघा. ड्रॉइंग ए-थ्रीचं होतं, पण माझ्या हातातला कागद ए-फोर होता. ऑफिसात मोठा कागद संपला होता म्हणून कुणीतरी लहान कागदावर झेरॉक्स काढली होती. ए-थ्रीची लांब बाजू ४२० मिमी, ए-फोरची २९७. म्हणजे चित्रातली प्रत्येक रेघ सुमारे ०.७०७ पट झाली होती. कोपऱ्यात मात्र '१:२' तसंच छापलेलं होतं. कागद आखडला की रेघा आखडतात, कोपऱ्यातला आकडा बदलत नाही. आता गुणून बघा. १६० चं निम्मं ८०, आणि ८० गुणिले ०.७०७ म्हणजे ५६.६. माझ्या पट्टीने कागद बरोबर मोजला होता. तो कागद खऱ्या प्रमाणात नव्हता.

हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. प्लेटची लांबी २०० स्पष्ट लिहिलेली होती. १:२ प्रमाणात ती कागदावर १०० भरायला हवी होती. पट्टी लावली असती तर ७० च्या जरा पुढे भरली असती, आणि कागद लहान झालाय हे तिथेच उघडं पडलं असतं. म्हणून माझा एक नियम आहे. कागद हातात आला की लिहिलेलं सगळ्यात मोठं माप शोधा आणि ते कागदावर मोजा. प्रमाणाशी जुळलं नाही, तर त्या कागदावरचं चित्र फक्त आकार समजायला वापरायचं.

हल्ली हे जास्त होतं. ड्रॉइंग मोबाईलवर पीडीएफ म्हणून येतं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट काढतात. प्रिंट देताना `Fit` निवडलेलं असेल, तर योग्य मापाच्या कागदावरही कडेची जागा सोडण्यासाठी चित्र चार-पाच टक्क्यांनी लहान होऊ शकतं. `Actual size` निवडून घ्या. चार-पाच टक्के डोळ्याला दिसत नाहीत. माझी चूक तीस टक्क्यांची होती, तीही मला दिसली नव्हती.

"मग कागद बरोबर असेल तर मोजून घेतलं तर चालेल ना?"

हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर नाही असंच आहे. ड्रॉइंगवरची ठळक रेघच अर्धा मिलिमीटर जाड असते. पट्टी तिच्या ह्या कडेला लावली की त्या कडेला, यावर १:२ मध्ये एक मिलिमीटरचा फरक पडतो, १:१० मध्ये पाच मिलिमीटरचा. शिवाय कागद दमटपणाने थोडा वाढतो, आटतो. कधी डिझाइनवाल्याने माप बदललेलं असतं आणि घाईत चित्र तसंच ठेवलेलं असतं. अशा वेळी लिहिलेला आकडा खरा आणि रेघ खोटी. म्हणूनच कित्येक ड्रॉइंगवर 'चित्रावरून माप घेऊ नये' अशी सूचना छापलेली असते.

कागदावर पट्टी लावायची ती संशय घेण्यासाठी. कापायचं माप कायम लिहिलेल्या आकड्यातून घ्यायचं. आकडा पुसला असेल तर ज्याने ड्रॉइंग दिलं त्याच्याकडे जायचं आणि त्याच्याकडून तो कागदावर लिहून, सही करून आणायचा. तोंडी आणू नका. मशीनच्या आवाजात 'साठ' आणि 'सात' सारखेच ऐकू येतात.

सूत, इंच, मिलिमीटर: तिन्ही एकाच दुकानात

भारतात मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्याने आली. पण फॅब्रिकेशनच्या दुकानात आजही "तीन सुती सळई", "सव्वा इंची अँगल" असंच बोलतात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचा अर्थ माहीत हवा. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, आणि एका इंचात आठ सूत. म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी.

आता तीन सूत हिशोबाने ९.५२५ मिमी होतात. पण दुकानात तीन सुती सळई मागा आणि व्हर्नियर लावा, जवळपास १० मिमी भरेल. चार सुती मागितली तर १२ ची देतात, हिशोबाने १२.७ व्हायला हवी होती. म्हणजे एकीकडे माल जाड, दुसरीकडे बारीक. कारण गिरणीत सळई मिलिमीटरमध्ये तयार होते आणि 'सूत' हे तिचं बोलीतलं नाव उरलं आहे. सोन्याच्या दुकानात तोळा म्हणतात तसंच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आज सराफ तोळा म्हणून १० ग्रॅमचा भाव सांगतो. नाव जुनं राहिलं, माप बदललं.

पाइपचं तर आणखी वेगळं. 'एक इंची' जीआय पाइप बाहेरून मोजला तर साधारण ३३.७ मिमी भरतो. आतूनही बरोबर २५.४ नसतो. तिथे एक इंच हे निव्वळ नाव आहे. एक इंची पाइपसाठी क्लॅम्प करायचा म्हणून २५.४ चं भोक पाडलं तर पाइप आत जाणारच नाही. तेव्हा दुकानातलं नाव खरेदीसाठी. कापण्यासाठी माल हातात घेऊन मोजायचा.

मोठी चूक ओरडते, छोटी लपते

मिमीच्या जागी इंच धरला तर पार्ट पंचवीस पट होतो. २०० च्या प्लेटला पाच मीटरची शीट लागेल. ती कुणाच्या तरी डोळ्यात भरेलच. मला भीती वाटते ती जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या मापांची.

एका पट्टीला एक-एक इंचावर बारा भोकं हवी आहेत. एकाने सोयीसाठी इंच म्हणजे २५ मिमी धरला. दोन भोकांत फरक पडला ०.४ चा, तो डोळ्याला कळत नाही. पण बारा भोकांमध्ये अकरा अंतरं असतात. शेवटच्या भोकाला ४.४ मिमीचा फरक साचतो आणि तिथे बोल्ट जात नाही. पहिली दोन भोकं जुळवून बघितली तर सगळं ठीक वाटतं, म्हणून तपासताना पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर मोजायचं.

आटे पाडताना हीच गंमत जास्त धोक्याची होते. एम-१२ चा, म्हणजे १२ मिमीचा, बोल्ट अर्ध्या इंचाच्या नटमध्ये आत शिरतो, कारण नट १२.७ चा आहे. शिरतो, थोडा डगडगतो, दोन-तीन आटे धरतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. जोर पडला की आटे सोलून निघतात. एम-१२ च्या दोन आट्यांमधलं अंतर १.७५ मिमी, व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी पद्धतीच्या अर्ध्या इंची आट्याला एका इंचात बारा आटे म्हणजे साधारण २.१२ मिमी. पिच गेजचं पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरा. चुकीचं असेल तर पात्याचे दात आट्यांत नीट बसत नाहीत आणि मधून उजेड येतो.

कारखान्याबाहेरची एक खरी घटना सांगतो. ५ डिसेंबर २००३ ला टोकियो डिस्नेलँडमध्ये 'स्पेस माउंटन' या रोलर कोस्टरची गाडी फेरीच्या शेवटाकडे रुळावरून घसरली. एक ॲक्सल तुटला होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. चौकशीत निघालं ते असं: १९९५ मध्ये ॲक्सल आणि बेअरिंगची मापं इंचांवरून मिलिमीटरमध्ये बदलली होती. २००२ मध्ये नवे ॲक्सल मागवताना जुनंच ड्रॉइंग वापरलं गेलं. ॲक्सल ४५ मिमीचा हवा होता, आला ४४.१४ चा. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. पण ॲक्सल आणि बेअरिंगमध्ये ०.२ च्या आसपास असायला हवी ती फट एक मिलिमीटरच्या वर गेली. गाडी धावताना ॲक्सल आत थडथडत राहिला आणि शेवटी तुटला.

तो ॲक्सल ज्याने टर्निंग केला, त्याने हातातल्या ड्रॉइंगप्रमाणे बरोबर केला असणार. म्हणून कोपऱ्यातल्या चौकोनात आवृत्ती आणि तारीखही वाचायची. जुनी प्रिंट कपाटात सापडली तर ती वापरायची नाही, नवी मागून घ्यायची.

"डिजिटल व्हर्नियर आहे की, तो चुकत नाही"

हे घ्या, चालू करा. एक मिमी जाडीचा पत्रा त्यात धरा. आकडा काय दिसतो? `0.0395`. म्हणजे पत्रा मिलिमीटरच्या शतांशात आला की काय? नाही. मागच्या माणसाने इंच-मिमीचं बटण दाबून ठेवलं होतं, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं `in` हे अक्षर इतकं बारीक आहे की तुमच्यातल्या कुणी बघितलंही नाही. खूण लक्षात ठेवा: मिमीत असताना टिंबानंतर दोन आकडे दिसतात, इंचात तीन किंवा चार.

दुसरं, जबडे उघडे असताना कुणी शून्याचं बटण दाबलं असेल तर नंतरचं प्रत्येक माप तेवढ्याने सरकलेलं येतं. व्हर्नियर हातात घेतला की जबडे पुसा, बंद करा, शून्य बघा, `mm` बघा. मग माहीत असलेली एक वस्तू मोजा. आपल्याकडे स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे स्टीलचे तुकडे, आहेत, त्यातली १० ची घ्या.

"लेझर आणि सीएनसी आल्यावर हे कशाला?"

उलट तिथे जास्त लागतं. हॅकसॉ चालवताना माणसाला मधेच शंका येते, हात थांबतो. मशीनला शंका येत नाही.

लेझर कटिंगला चित्र बहुधा DXF फाइलमध्ये येतं. त्यात आकडे असतात, पण एकक दरवेळी नीट नोंदलेलं नसतं. फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला `8` दिसला तर तो आठ इंच की आठ मिमी हे तिथे बसलेला माणूस ठरवतो. फाइल उघडली की एका ओळखीच्या मापावर क्लिक करून ते ड्रॉइंगशी ताडून बघायचं. कागदावर २०० मोजली तीच रीत इथे.

सीएनसीवर `G21` म्हणजे मिमी आणि `G20` म्हणजे इंच. आधीच्या प्रोग्रॅमने `G20` दिलेलं असेल आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये काहीच नसेल, तर मशीन इंचातच चालत राहू शकतं. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकक स्वतः लिहायचं. आणि टिंब विसरू नका. बऱ्याच कंट्रोलवर `X200.` म्हणजे २०० मिमी, पण टिंब नसलेलं `X200` म्हणजे ०.२ मिमी धरलं जातं. कंट्रोल तसं सेट आहे की नाही हे ऑपरेटरला विचारून घ्या, पण टिंब प्रत्येक वेळी द्या.

काटा काय सांगतो

एक तपासणी फार कमी जण करतात. टायटल ब्लॉकमध्ये वजन दिलेलं असतं. एक चौरस मीटर आणि एक मिमी जाड स्टीलच्या पत्र्याचं वजन ७.८५ किलो. आपली प्लेट ०.२ मीटर गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे ०.०३ चौरस मीटर. जाडी १०. ०.०३ गुणिले १० गुणिले ७.८५ केलं की २.३६ किलो येतात, भोकांचं थोडं वजा करा. ड्रॉइंगवर २.३ च्या आसपास लिहिलं असेल तर तुम्ही मापं बरोबर वाचली. समजा कुणी बाहेरची मापंही त्या लहान झालेल्या झेरॉक्सवरून घेतली असती, तर प्लेट १४१ बाय १०६ ची धरली असती आणि वजन १.१७ किलो आलं असतं, बरोबर निम्मं. लांबी आणि रुंदी दोन्ही ०.७०७ पट झाल्या की क्षेत्रफळ अर्धं होतं. इतका फरक कुणालाही दिसतो.

गोल बारसाठी दुकानातलंच सूत्र आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२, व्यास मिमीत, उत्तर एका मीटरला किलोत. २५ च्या बारला ३.८६ किलो.

पण वजनाला मर्यादा आहे हेही सांगतो. माझ्या बारा प्लेटींची भोकं चुकली होती, आणि भोकं इकडे पाडा की तिकडे, वजन तेवढंच भरतं. काट्यावर त्या बाराही पास झाल्या असत्या. भोकांची जागा फक्त मापाने कळते, आणि तीही पहिल्या प्लेटला. एक करायची, दुसऱ्या माणसाकडून दुसऱ्या व्हर्नियरने मोजून घ्यायची, मोटर जवळ असेल तर बसवून बघायची. मी बारा एकदम केल्या म्हणून अठ्ठावीस किलो स्टील भंगारात गेलं. पहिलीला थांबलो असतो तर सव्वादोन किलोच गेलं असतं.

"सारखं विचारलं तर फोरमन चिडतील"

चिडतील कदाचित. तरी विचारायचं, पण नीट तयारीने. "सर, हे माप काय आहे?" असं विचारलंत तर त्यांना तुमच्यासाठी सगळं ड्रॉइंग वाचावं लागतं. "सर, २०० चं माप कागदावर ७० भरतंय, प्रमाण १:२ लिहिलंय, प्रिंट लहान झालीय का?" असं विचारा. हे ऐकून फोरमन तुमच्या हातातून कागद घेतील आणि स्वतः पट्टी लावतील. मला त्या दिवशी हे विचारता आलं नाही, कारण मी २०० मोजलंच नव्हतं.

आता तुमच्या प्रत्येकापुढे एक ड्रॉइंग ठेवलंय. सगळ्यांवर प्रमाण १:२ छापलेलं आहे. काही बरोबर प्रिंट आहेत, काही लहान झालेल्या आहेत, आणि दोन जणांकडे इंचाचं ड्रॉइंग आहे. कुणाकडे काय आहे ते मी सांगणार नाही. पट्ट्या घ्या, आधी कोपरा वाचा, आणि मोठं माप मोजून मला आकडा सांगा, एककासकट.